तिळाएवढा शिक्का आणि अकरा परीक्षक

शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातल्या दोन ग्रामीण तालुक्यांत सोन्याची पहिली खरेदी ही एका माणसाची कृती नसते, ती शिष्टमंडळाची मोहीम असते. भाताची झोडणी उरकली, तुळशीचे लग्न लागले आणि घरात लग्नाची बोलणी पक्की झाली, की साधारण अकरा माणसे सराफाच्या दुकानाची पायरी चढतात आणि त्यांतल्या प्रत्येकाचे काम परंपरेने ठरलेले असते. वराचा बाप पैशांची पिशवी सांभाळतो, मामा भाव करतो, आत्या जे दाखवले जाईल त्याला नाक मुरडते, एक दूरचा काका चहा आला की नाही यावर लक्ष ठेवतो; आणि जिच्या गळ्यात तो दागिना पडायचा असतो ती नियोजित वधू "तिला काय आवडतं ते विचारा" या वाक्याचा विषय होण्यापुरती तिथे हजर असते.

हे मंडळ दागिन्याची परीक्षा करत नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण ते मंगळसूत्र तळहातावर तोलून पाहते, उजेडात धरून रंग पाहते, फरशीवर हलकेच टाकून नाद ऐकते, आणि शेवटी सराफाचे वडील कोणत्या गावचे याचीही चौकशी करते. या सर्व कसोट्यांतून पितळ बाहेर पडू शकते, परंतु बावीस कॅरट आणि एकवीस कॅरट यांतला फरक बाहेर पडू शकत नाही, कारण त्यात थोडे तांबे जास्त असले तर रंग उलट आणखी भरदार दिसतो आणि आत्याचेही समाधान होते. ज्या एका खुणेत हा फरक नोंदलेला असतो ती वाटीच्या पाठीमागे, तिळाएवढ्या जागेत, लेसरने कोरलेली असते. आणि ती वाचण्यासाठी लागणारा चष्मा ज्याच्यापाशी असतो तो सदस्य नेमका चष्मा घरी विसरून आलेला असतो.

या खुणेला हॉलमार्क म्हणतात, म्हणजे मौल्यवान धातूची शुद्धता विक्रेत्याने नव्हे तर तिसऱ्याच, मान्यताप्राप्त केंद्राने तपासून दागिन्यावर उमटवलेला शिक्का. भारतात सोन्यासाठी ही योजना भारतीय मानक ब्यूरोने, म्हणजेच व्यवहारातल्या भाषेत बीआयएसने, २००० साली सुरू केली. परंतु एकवीस वर्षे ती ऐच्छिक होती, आणि ऐच्छिक गोष्टींचे आपल्याकडे जे होते तेच तिचे झाले. १६ जून २०२१ पासून ती देशातल्या २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली. जिल्हे निवडताना जिथे निदान एक तरी तपासणी केंद्र आहे असे जिल्हे घेतले गेले आणि त्यांत ठाणे जिल्हा होता. याचा परिणाम असा झाला, की माळशेज घाटाच्या पायथ्याशी राहणारे कुटुंब आणि घोडबंदर रस्त्यावरच्या सत्ताविसाव्या मजल्यावर राहणारे कुटुंब, ज्यांच्यात पाण्याच्या टाकीपासून रिक्षाच्या भाड्यापर्यंत काहीही समान नाही, ते शिक्क्याच्या बाबतीत एका पंगतीला बसले. मुंबईला पाणी देणारे तानसा आणि भातसा उशाशी ठेवून स्वतः टँकरची वाट पाहणाऱ्या शहापूर तालुक्याला जिल्ह्याच्या नावाखाली काही फुकट मिळाल्याची ही दुर्मीळ नोंद आहे.

१ जुलै २०२१ पासून या शिक्क्याचे तीन भाग ठरलेले आहेत. पहिला भाग म्हणजे ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह. दुसरा भाग म्हणजे शुद्धता, जी 22K916 अशी लिहिलेली असते आणि जिच्यात एकच गोष्ट दोनदा सांगितलेली असते: शुद्ध सोने चोवीस भाग मानले तर या दागिन्यात बावीस भाग आहे, आणि तेच हजारात मोजले तर ९१६ भाग आहे. उरलेल्या ८४ भागांत तांबे, चांदी, जस्त असे धातू असतात आणि त्यांचे असणे ही फसवणूक नाही, कारण निव्वळ सोने इतके मऊ असते की त्याची साखळी पहिल्याच हळदीत, नाचाच्या गर्दीत, आकार बदलील. अठरा कॅरटचा शिक्का 18K750 आणि चौदा कॅरटचा 14K585 असा असतो, आणि तेही तितकेच खरे, तितकेच कायदेशीर हॉलमार्क आहेत. म्हणूनच "हॉलमार्क आहे ना?" हा शिष्टमंडळाचा आवडता प्रश्न अपुरा ठरतो, सराफ "आहे" म्हणतो, ते खरे असते, आणि घरी गेल्यावर पदवीधर पुतण्या सांगतो की दागिना अठरा कॅरटचा आहे. १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सरकारने चौदा कॅरटहून शुद्ध दागिने घडवण्यास मनाई केली होती, तेव्हा देशातल्या सोनारांचे धंदे बसले. आज तेच चौदा कॅरट काचेच्या कपाटात, मंद दिव्याखाली, 'रोजच्या वापराचे हलके डिझाइन' म्हणून विकले जाते आणि लोक ते आपण होऊन घेतात. जे सक्तीला जमले नाही ते दिव्याला जमले.

तिसरा भाग हा या सगळ्या व्यवस्थेचा प्राण आहे. तो म्हणजे अक्षरे आणि अंक मिसळून केलेला सहा खुणांचा क्रमांक, ज्याला एचयूआयडी म्हणतात. हा प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र असतो, दुकानाचा किंवा घाण्याचा नसतो, म्हणजे एकाच साच्यातून निघालेल्या दोन अंगठ्यांनाही दोन वेगळे क्रमांक मिळतात. १ एप्रिल २०२३ पासून सहा खुणांच्या या क्रमांकाशिवाय नवा दागिना हॉलमार्कचा म्हणून विकता येत नाही. आईच्या किंवा आजीच्या कपाटातल्या त्याआधीच्या दागिन्यांवर ब्यूरोचे चिन्ह, शुद्धता, केंद्राची खूण आणि सराफाची खूण असे चार शिक्के दिसतात. ते रद्द झालेले नाहीत, फक्त तसला माल आज नवा म्हणून काचेखाली ठेवता येत नाही. आणि ज्यावर नुसते '916' एवढेच ठोकलेले आहे, त्रिकोण नाही आणि सहा खुणा नाहीत, तो हॉलमार्क नव्हे. तो सराफाने स्वतःला दिलेला दाखला आहे. गावोगावी अजून ऐकू येणारा 'केडीएम' हाही शुद्धतेचा दर्जा नाही. दागिन्याचे तुकडे जोडताना जो डाक वापरतात, म्हणजे सांध्यात वितळवून सोडलेला जोडधातू, त्यात कॅडमियम मिसळण्याची ती पद्धत होती. कॅडमियमची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना घातक असल्याने ती मोडीत निघाली. पण तिचे नाव मात्र मुरबाडच्या बाजारात अजून शुद्धतेच्या तोऱ्यात फिरते.

हातच्या कांकणाला आरसा लागत नाही ही म्हण खरी असली, तरी त्यावरचा शिक्का वाचायला भिंग लागते, आणि हॉलमार्कचा माल विकणाऱ्या नोंदणीकृत सराफाने निदान दहापट मोठे दाखवणारे भिंग गिऱ्हाइकासाठी ठेवावे असा नियम आहे. ते मागताना शिष्टमंडळ विलक्षण संकोचते. पाच हजारांसाठी मामा अर्धा तास हुज्जत घालतो, परंतु "शेठ, जरा भिंग द्या" हे चार शब्द उच्चारणे म्हणजे तीन पिढ्यांच्या संबंधांवर संशय घेणे, अशी त्याची समजूत असते. सराफही "मामा, आपल्याकडे असलं काही नसतं" असे म्हणून ती समजूत जोपासतो आणि पुढे चहा सांगतो. वास्तविक ज्या दुकानात भिंग न मागता पुढे येते तिथे बाकीची निम्मी चौकशी करण्याचे कारण उरत नाही, आणि ज्या दुकानात ते शोधावे लागते तिथे ती चौकशी दुप्पट करावी.

भिंगातून सहा खुणा वाचल्या, की त्या ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपमध्ये Verify HUID या ठिकाणी टाकायच्या असतात. हे काम आपोआप शिष्टमंडळातल्या सर्वांत लहान सदस्याकडे येते, ज्याला तोपर्यंत "मध्ये बोलू नकोस" असे बजावलेले असते. पडद्यावर दागिन्याचा प्रकार, शुद्धता, ज्या सराफाने तो तपासणीला पाठवला त्याचे नाव, तपासणाऱ्या केंद्राचे नाव आणि तारीख उमटते. येथे बहुतेक लोक 'क्रमांक सापडला' एवढ्यावर समाधान मानतात आणि नेमके तिथेच चुकतात, कारण खरा क्रमांक एका खऱ्या अंगठीवरून उचलून खोट्या मंगळसूत्रावर कोरणे लबाड माणसाला अशक्य नाही. क्रमांक खरा, अॅप खरे, दागिना तेवढा खोटा. म्हणून क्रमांक सापडतो की नाही यापेक्षा पडद्यावरचा प्रकार आणि हातातला दागिना एकच आहेत का, हे पाहायचे असते. हातात मंगळसूत्र आणि पडद्यावर अंगठी असेल, किंवा हातात 22K916 आणि पडद्यावर अठरा कॅरट असेल, तर दागिना शांतपणे मखमलीवर परत ठेवावा आणि चहा संपवून निघावे.

पडद्यावरचे सराफाचे नाव दुकानाच्या पाटीवरच्या नावाशी जुळले नाही, तर मात्र लगेच आरडाओरडा करू नये. तालुक्याच्या गावातला सराफ पुष्कळदा मुंबईच्या किंवा कल्याणच्या घाऊक व्यापाऱ्याकडून तयार माल घेतो आणि शिक्का त्या घाऊक व्यापाऱ्याने आधीच करून घेतलेला असतो. "हा माल कुणाकडून घेतला?" असे विचारले तर प्रामाणिक दुकानदार न अडखळता तेच नाव सांगतो, पडद्यावरचे नाव त्याच्या तोंडून ऐकू आले की प्रश्न मिटला. ही सगळी तपासणी बिल होण्यापूर्वी, दुकानातच करावी. टोकावड्याच्या पुढे किंवा डोळखांबच्या आतल्या एखाद्या पाड्यावर पोचल्यावर मोबाइलला रेंज मिळवण्यासाठी टेकाडावर चढावे लागते, आणि टेकाडावर उभे राहून कळलेली फसवणूक ही दुकानात उभे राहून कळलेल्या फसवणुकीपेक्षा फार महाग पडते.

शिक्का उमटतो कसा हे समजले, तर त्याच्यावर किती विश्वास टाकावा हेही समजते. सराफ दागिन्यांचा घाणा तपासणी केंद्राकडे पाठवतो. तिथे प्रथम क्ष-किरणांच्या यंत्राखाली दागिने ठेवून सर्वांत सारखेच सोने आहे ना हे पाहतात. ही तपासणी दागिन्याला ओरखडाही न पाडता होते, परंतु किरण पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरापलीकडे पाहत नाहीत. त्यामुळे घाण्यातून नमुना घेऊन त्याची अग्निपरीक्षा केली जाते, आणि हा शब्द येथे अलंकारिक नाही. नमुन्याचा तुकडा अचूक तोलून, त्यात चांदी घालून, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीतल्या सच्छिद्र मुशीत ठेवतात. शिसे आणि त्याच्याबरोबर तांब्यासारखे हलके धातू ऑक्सिडीकरण होऊन मुशीत शोषले जातात आणि सोन्याचांदीचा मणी उरतो. तो ठोकून, लाटून नत्राम्लात उकळला की चांदी विरघळून जाते आणि जे राहते ते निव्वळ सोने असते. त्याला पुन्हा तोलले की शुद्धता हजारात कळते. सीतामाईला एकदा दिलेली परीक्षा येथे रोज, दर घाण्याला होते, आणि तिच्यानंतर कोणी वनात जात नाही. नमुना उतरला तरच घाण्यातल्या प्रत्येक दागिन्यावर लेसरने शिक्का पडतो. म्हणजे हातातला नेमका दागिना भट्टीत गेलेला असतोच असे नाही, त्याचा भाऊ गेलेला असतो. भावाभावांत फरक नाही हे क्ष-किरणांनी आधी पाहून ठेवलेले असते. या सगळ्या सोपस्काराचे शुल्क दर दागिन्यामागे ४५ रुपये असून त्यावर अठरा टक्के वस्तू आणि सेवा कर लागतो, म्हणजे एकूण ५३ रुपये १० पैसे. मंगळसूत्र एक तोळ्याचे असो की दहा तोळ्यांचे, आकडा तोच.

हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण "हॉलमार्कचं घेतलंत तर महाग पडेल, काकी, बिनशिक्क्याचं स्वस्तात देतो" हे वाक्य या आकड्यापुढे टिकत नाही. त्रेपन्न रुपयांनी स्वस्त होणारी वस्तू दोन हजारांनी स्वस्त मिळत असेल, तर उरलेले एकोणीसशे सत्तेचाळीस रुपये कुठून आले याचा शोध सोन्यातच लागतो.

आता सराफ कोणता निवडावा या प्रश्नाकडे वळले असता शिष्टमंडळात दोन पंथ दिसतात. एका पंथाचा विश्वास आपल्या गावच्या सराफावर असतो, जो पावसाळ्यात उधारी देतो, म्हशाच्या जत्रेत भेटतो आणि कोणाच्या घरात किती तोळे आहेत हे घरच्यांपेक्षा नेमके जाणतो. दुसरा पंथ शहरातल्या काचेच्या, थंडगार दालनाकडे ओढला जातो आणि पाटीवरच्या मोठ्या नावालाच हॉलमार्क समजतो. मुरबाडकर एसटीने तीसेक किलोमीटरवरचे कल्याण गाठतो आणि 'कल्याण' नावाची देशभर पसरलेली पेढी आपल्याच कल्याणची आहे असे आप्तांना सांगतो. ती १९९३ मध्ये केरळातल्या त्रिशूरला निघाली आणि हे नाव तिला संस्थापकाच्या नावावरून मिळाले, ही माहिती त्याला कोणी दिली तर तो मानत नाही, कारण कल्याणात तो स्वतः जाऊन आलेला असतो.

दोन्ही पंथांना एकच परीक्षा लावता येते. हॉलमार्कचा माल विकायचा तर सराफाला ब्यूरोकडे नोंदणी करावी लागते. ती आता निःशुल्क आणि कायमची असते, म्हणून "परवडत नाही" हे कारण शिल्लक नाही. नोंदणी दुकानाच्या जागेपुरती असते, त्यामुळे भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर त्याच दुकानाचा पत्ता आहे की चुलत्याच्या भिवंडीतल्या दुकानाचा, हे वाचावे. वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत असलेल्या सराफाला सक्तीतून सूट आहे, आणि "आम्ही लहान माणसं" या सबबीचा उगम येथेच आहे. ही मर्यादा आली तेव्हा सोने तोळ्याला पन्नास हजारांच्या आसपास होते. २०२५ च्या एप्रिलात दहा ग्रॅमच्या आजच्या तोळ्याचा भाव लाखाला टेकला. लाखाच्या हिशेबाने चाळीस लाख म्हणजे वर्षाला चाळीस तोळे, म्हणजे आठवड्याला एक तोळाही नाही. जो सराफ ही सूट सांगतो तो वस्तुतः असे सांगत असतो की आठवडाभरात त्याच्याकडून एक मंगळसूत्रही नीटसे खपत नाही, आणि हे तो अक्षय्य तृतीयेला, पायरीवर चपलांचा ढीग पडलेला असताना सांगतो.

दुसरी सूट दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना आहे आणि ती गरिबाच्या पहिल्या खरेदीला नेमकी लागते, कारण तिथे चमकी, कुड्या किंवा दोन सुट्या वाट्या एवढाच आवाका असतो. वाट्या सुट्या घेतल्या तर प्रत्येक एक ग्रॅमची म्हणून सुटते. त्याच वाट्या दोन ग्रॅमपेक्षा जास्त सोन्याच्या तयार मंगळसूत्रात ओवलेल्या असतील तर शिक्का लागतो. ज्याला जमेल त्याने म्हणून सुट्या वाट्यांऐवजी घडलेले डोरले मागावे. ज्याला जमणार नाही त्याला ओळखीच्या सराफावाचून गत्यंतर नाही, आणि पहिल्या पंथाचे म्हणणे या एका ठिकाणी पूर्ण खरे ठरते.

शिक्का एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: सोने किती शुद्ध. वजन किती, घडणावळ किती आणि मोडताना काय मिळेल याबद्दल तो मौन पाळतो, आणि पहिल्या खरेदीतले बरेचसे पैसे या मौनातून गळतात. उदाहरणार्थ, काट्यावर ११.६०० ग्रॅम भरणारे एक मंगळसूत्र घेऊ. त्यातले काळे मणी १.६०० ग्रॅमचे आहेत, म्हणजे सोने १० ग्रॅम आहे. हिशेब सोपा जावा म्हणून बावीस कॅरटचा भाव ग्रॅमला ९,००० रुपये आणि घडणावळ, म्हणजे दागिना घडवण्याची मजुरी, बारा टक्के धरू. सोन्याचे ९०,००० आणि घडणावळीचे १०,८०० मिळून १,००,८०० होतात. त्यावर तीन टक्के कर ३,०२४ आणि हॉलमार्कचे ५३.१० मिळवले की बिल १,०३,८७७ रुपये १० पैसे होते. आता काळे मणी न वगळता सगळे ११.६०० ग्रॅम सोन्याच्या भावाने लावले, तर तेच बिल १,२०,४८८ रुपये ९४ पैसे होते. म्हणजे काचेचे मणी १६,६११ रुपयांना पडले, शिवाय त्यांच्यावर घडणावळही लागली आणि सरकारला करही मिळाला. याच बिलाच्या शेवटी सराफ उदार होऊन "हॉलमार्कचे पैसे सोडले, जा" असे म्हणतो, मामा विजयी मुद्रेने आत्याकडे पाहतो, आणि त्रेपन्न रुपये वाचल्याची वार्ता सरळगावापर्यंत आधी पोचते.

यावरचा उपाय नियमातच आहे. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर दागिन्याचे वर्णन, सोन्याचे निव्वळ वजन, कॅरट आणि हजारातली शुद्धता, आणि हॉलमार्कचे शुल्क वेगवेगळे लिहिले पाहिजे. निव्वळ वजन म्हणजे मणी, खडे आणि लाख वगळून उरलेले सोने. बोरमाळेसारख्या दागिन्यांत पोकळ मण्यांच्या आत लाख भरलेली असते आणि ती बाहेरून तोलता येत नाही, म्हणून तिथे तर हा आकडा लिहून घेतल्यावाचून पैसे मोजूच नयेत. 'घट' म्हणून वेगळी रक्कम लावली जात असेल, म्हणजे घडवताना वाया गेलेल्या सोन्याची भरपाई मागितली जात असेल, तर ती घडणावळीत आहे की तिच्यावर आणखी, हे विचारावे. मोडीचा भाव, म्हणजे पुढे दागिना परत दिल्यास काय कापले जाईल, हेही त्याच वेळी विचारावे. लग्नाच्या दुकानात मोडीची गोष्ट काढणे आत्याला अशुभ वाटते, पण तिच्या स्वतःच्या पाटल्या दोनदा मोडलेल्या असतात.

"कच्च्या चिठ्ठीवर घ्या, तीन टक्के वाचतील" हा प्रस्ताव वरच्या उदाहरणात ३,०२४ रुपयांचा आहे, आणि त्याची खरी किंमत दागिना निकृष्ट निघाल्यावरच कळते. समजा ९१६ शिक्क्याचे हेच मंगळसूत्र तपासणीत ८७५ भरले, म्हणजे एकवीस कॅरटचे निघाले. हजारात ४१ भागांची तूट ही ९०,००० रुपयांच्या सोन्यात सुमारे ४,०२८ रुपयांची होते, आणि ब्यूरोच्या २०१८ च्या नियमांतला ४९ वा नियम असे सांगतो की गिऱ्हाइकाला या तुटीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळाला पाहिजे. म्हणजे ८,०५६ रुपये आणि वर तपासणीचे पैसे. हे मागण्यासाठी पक्के बिल लागते. कच्च्या चिठ्ठीवर दुकानाचे नावसुद्धा नसते, तिथे गणपतीचे चित्र असते, आणि गणपती प्रतिवादी होत नाही.

ही तपासणी कोणालाही करून घेता येते, त्यासाठी सराफ असावे लागत नाही. ब्यूरोच्या मान्यताप्राप्त केंद्रात चार दागिन्यांपर्यंत एकत्रित दोनशे रुपये आणि त्याहून अधिक असल्यास दर दागिन्यामागे ४५ रुपये शुल्क असून, जिल्हावार केंद्रांची आणि नोंदणीकृत सराफांची यादी ब्यूरोच्या संकेतस्थळावर मिळते. अडचण एवढीच, की अग्निपरीक्षेसाठी दागिन्याचा तुकडा कापून द्यावा लागतो, आणि मंगळसूत्राचा तुकडा कापण्याचा विषय निघताच सर्व अकरा परीक्षक पहिल्यांदाच एकमताने नाही म्हणतात. अशा वेळी क्ष-किरणांच्या तपासणीवर भागवावे, आजीची जुनी बोरमाळ आणि आत्याच्या पाटल्याही त्याच दोनशे रुपयांत बरोबर न्याव्यात. मात्र पाटल्यांचा निकाल आत्यासमोर मोठ्याने वाचावा की नाही, याबाबत ब्यूरोचे नियम काही सांगत नाहीत.